पणतीतून जाणारी आडवी रेघ: आत्याच्या फोनचं प्रकरण

त्रिपुरी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी आत्या स्टुडिओत आली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अरे, बघ की जरा. क्यामेरा गेलाय म्हणतात."

आत्या कोल्हापुरातच राहते आणि दिवाळीत ऑर्डरीप्रमाणे फराळ करून देते. चकली, कडबोळी, शेव, अनारसे. गिऱ्हाइकांना ताटाचे फोटो पाठवायचे म्हणून फोन दिवसभर ओट्यावरच असतो. त्रिपुरीला ती दरवर्षी पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाते. हजारो पणत्या लागलेल्या असतात, पायऱ्यांवर रांगोळ्या असतात, नदीत त्यांचं प्रतिबिंब पडतं. यंदा तिने चाळीसेक फोटो काढले आणि घरी येऊन पाहते तर एकही धड नाही. प्रत्येक ज्योतीभोवती मोठं पिवळट वलय, सगळा घाट दुधात बुडवल्यासारखा. तिने एका दुकानात फोन दाखवला. आतलं कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागेल आणि अडीच हजार रुपये पडतील, असं तिथे सांगितलं गेलं.

मी लग्नाचे आणि वस्तूंचे फोटो काढतो, फोन दुरुस्त करत नाही. पण काचेवर काय असलं की फोटोत काय दिसतं, हे मला रोज पाहावं लागतं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहून ठेवतो आहे. त्यात एक खूण अशी सापडली, की ती कळल्यावर फोन हातात न घेताही दोष कुठे आहे ते सांगता येतं.

आधी फोटो, मग फोन

पहिली गोष्ट मी जाणूनबुजून केली नाही, ती म्हणजे लेन्स पुसणं. हात तिकडेच जातो. पण पुसली की पुरावा गेला. मग फोटो सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि नाही सुधारले तर पुसण्याआधी काय होतं तेही कळत नाही. म्हणून फोन तसाच ठेवून मी गॅलरी उघडली आणि मागे मागे जात राहिलो.

गणपतीचे फोटो स्वच्छ होते. मखरातल्या दिव्यांच्या माळेतला एकेक दिवा वेगळा, मागची भिंत काळोखी. बिघाड सुरू झाला तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. चकलीच्या ताटाचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, आणि ट्यूबलाइटच्या बाजूने चित्रावर पांढुरकी झाक. त्या दिवसांत आत्याला ते खटकलं नव्हतं, कारण चकली दिसत होती. दिवसा अंगणात काढलेले त्याच आठवड्यातले फोटो तर जवळजवळ ठीकच होते. याचं कारण पुढे येईल.

घाटावरच्या फोटोंबद्दल मला तीन शंका आल्या. पहिली धुक्याची. कार्तिकातली पहाट, नदीकाठ, वर हजारो वातींचा धूर. पण धुक्यात जवळची वस्तू कमी झाकोळते आणि लांबची जास्त, कारण मधली हवा वाढत जाते. इथे हातभर अंतरावरच्या पणतीभोवती जेवढं वलय होतं, तेवढंच पल्याडच्या दीपमाळेवरच्या दिव्यांभोवती. शिवाय स्वयंपाकघरात धुकं नव्हतं.

दुसरी शंका फोकस चुकल्याची. फोकस चुकला की वस्तूच्या कडा विरघळतात. आत्याच्या एका फोटोत रांगोळीने लिहिलेली ओळ होती. तिच्यावर पिवळी झाक होती, पण अक्षरांच्या कडा झाकेखाली नीट उभ्या होत्या, वाचता येत होत्या. म्हणजे आतली भिंगं आपलं काम बरोबर करत होती आणि त्यांच्या कामावर वरून कुणीतरी प्रकाश सांडत होतं.

तिसरी शंका दुकानदाराची, आतल्या भागांतल्या बिघाडाची. तिचा निकाल एका फोटोने लावला.

रेघ वळली

नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की वलयाखेरीज प्रत्येक ज्योतीतून एक उजळ रेघ जात होती. आडवी, दोन्ही बाजूंना सारखी लांब. आत्याने बहुतेक सगळे फोटो फोन उभा धरून काढले होते आणि त्या सगळ्यांत रेघ आडवी होती. मग एक फोटो सापडला तो फोन आडवा करून, नदीची पूर्ण रुंदी यावी म्हणून काढलेला. त्यात प्रत्येक ज्योतीतून जाणारी रेघ उभी होती.

घाट तोच, पणत्या त्याच, वेळेतलं अंतर दोन मिनिटांचं. फोन पाव वर्तुळ फिरला आणि त्याच्याबरोबर रेघही फिरली. रेघ घाटावर असती तर फोन कसाही धरला तरी ती जागची हलली नसती. ती फोनला चिकटलेली होती. आणि फोनमध्ये प्रकाशाला अशी एका दिशेने फाकवणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: काचेवर एका दिशेने ओढलेला ओशट थर.

मी आत्याला विचारलं, "तू लेन्स पुसतेस का कधी?"

"पुसते की. फोटो काढायच्या आधी दर वेळी." आणि तिने पुसून दाखवलं. फोन उजव्या हातात, डाव्या हाताचा अंगठा लेन्सवर, वरून खाली एक फराटा. थांब म्हणेपर्यंत तो ओढून झाला होता. त्याने पुराव्यात भरच पडली म्हणायची.

रेघ नेहमी फराट्याला काटकोनात पडते. अंगठा फोनच्या लांबीच्या दिशेने ओढला, म्हणून तेलाच्या बारीक सरी लांबीच्या दिशेने पडल्या, आणि प्रकाश फाकला तो फोनच्या रुंदीच्या दिशेने. उभ्या धरलेल्या फोनची रुंदी म्हणजे आडवी दिशा, म्हणून रेघ आडवी. फोन आडवा केला की ती उभी. लेन्स तिरपी पुसणाऱ्यांच्या फोटोत रेघ तिरपी येते. फोटोवरून माणूस लेन्स कशी पुसतो ते ओळखता येतं, इतकं हे नेमकं आहे.

तेल नेमकं करतं काय

बोटावरचं तेल पारदर्शक असतं. ते प्रकाश अडवत नाही. लेन्सवर साचलेल्या धुळीचा एखादा कण थोडा प्रकाश अडवतो, पण तो भिंगाच्या इतक्या जवळ असतो की त्याचं चित्र उमटतच नाही, फार तर फोटो केसभर काळा होतो. तेलाचं तसं नाही. ते प्रकाशाला आत सोडतं, पण वाट वाकडी करून.

तेलाचा थर अगदी सपाट, सगळीकडे सारख्या जाडीचा असता तर फोटोत काहीही दिसलं नसतं. तेलाची प्रकाश वळवण्याची क्षमता काचेच्या जवळपासच असते, म्हणून सपाट थर म्हणजे काच किंचित जाड झाल्यासारखं. खोडी असते ती थराच्या उंचसखलपणात. ठशात तेलाचे ठिपके असतात, फराट्यात सरी असतात. प्रत्येक सरीचा उतार म्हणजे एक चिमुकला लोलक. सरीचा उतार २ अंशांचा असेल तर तिच्यातून जाणारा किरण साधारण १ अंशाने वळतो. ऐकायला हे कमी वाटतं. पण फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत १ अंश म्हणजे सुमारे ६० पिक्सेल. जो प्रकाश ज्योतीच्या जागी पडायचा, तो ६० पिक्सेल बाजूला काळ्या पायरीवर जाऊन पडतो. सगळ्या सरींचे उतार सारखे नसतात, त्यामुळे कुठला किरण २० पिक्सेल सरकतो तर कुठला १००, आणि मिळून एक रेघ तयार होते. ठिपके मात्र सगळ्या दिशांना प्रकाश वळवतात, त्यांचं गोल वलय होतं. आत्याच्या काचेवर दोन्ही होतं, म्हणून फोटोतही दोन्ही.

चष्मेवाल्यांना हे सांगायला नको. रात्री मोटारसायकलवरून जाताना समोरच्या दिव्यांना फुटणाऱ्या मिशा चष्मा पुसल्यावर आखडतात, तोच प्रकार. आणि जुन्या काळी सिनेमात नायिकेचा चेहरा मऊ, उजळ दिसावा म्हणून लेन्ससमोरच्या काचेवर व्हॅसलिनचा हात फिरवत, तेही हेच. तिथे ते हवं होतं आणि किती लावायचं ते छायालेखकाच्या हातात होतं.

आता दिवसाचे फोटो ठीक आणि रात्रीचे खराब का, ते एका ढोबळ हिशोबाने सांगतो. ज्योतीचा उजळपणा १०,००० एकक धरू आणि शेजारच्या काळोख्या पायरीचा १. काच ओशट असल्यामुळे ज्योतीचा फक्त २ टक्के प्रकाश इकडेतिकडे गेला आणि ज्योतीच्या शंभरपट जागेवर पसरला, असं मानू. मग त्या जागेतल्या प्रत्येक बिंदूवर जास्तीची २ एककं पडतात. पायरी १ ची ३ झाली. काळं होतं ते करडं पिवळं झालं. दिवसा अंगणात सावलीचा उजळपणाच ३०० असेल आणि उन्हाचा ३०००, तर तेवढाच हिस्सा सांडल्याने सावलीत फार तर ६० एककांची भर पडते. रंग थोडे फिके वाटतात आणि आपण म्हणतो, ऊनच तसं होतं. तेल दोन्ही वेळी तेवढंच असतं, पण ते उघडं पडतं काळ्याशेजारी दिवा आला की.

फोनचा रात्रीचा मोड यात भरच घालतो. तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि काळोखातले तपशील वर उचलतो. काळोखात तपशिलांऐवजी सांडलेला प्रकाश असेल, तर तोच वर उचलला जातो. आत्याचे साध्या मोडमधले दोन फोटो होते, त्यांत वलय लहान दिसत होतं.

आत्याने इथे एक अगदी रास्त प्रश्न विचारला: "तुझ्या मोठ्या क्यामेऱ्याला पण बोटं लागतातच की. त्याचं असं का होत नाही?" होतं, पण कमी. माझ्या लेन्सची नाभीय लांबी ५० मिलिमीटर आहे. तिचं छिद्र एफ/१.८ ला उघडलं, म्हणजे त्या लांबीला १.८ ने भागलं, की ते जवळजवळ २८ मिलिमीटर रुंद असतं. आत्याच्या फोनच्या मुख्य लेन्सची खरी नाभीय लांबी ५.५ मिलिमीटर आहे, तीही एफ/१.८, म्हणजे प्रकाश आत शिरतो ते भोक ३ मिलिमीटरचं. बोटाचा १० मिलिमीटरचा ठसा माझ्या लेन्सच्या आठव्या हिश्श्याला लागतो, उरलेल्या सात हिश्श्यांतून चांगला प्रकाश येत राहतो. फोनवर तोच ठसा अख्खं भोक झाकतो आणि वर उरतो. आत येणाऱ्या प्रत्येक किरणाला तेलातूनच यावं लागतं. त्यात माझ्या लेन्सला झाकण आहे आणि ती कुणी बोटाने धरत नाही. फोनची लेन्स नेमकी तिथे असते जिथे मागची बोटं टेकतात.

तपासणी

घाटाचे फोटो बोलके असले तरी काचेवर शिक्कामोर्तब करायचं होतं. स्टुडिओतले दिवे बंद केले. टॉर्चच्या तोंडावर काळा कागद लावून त्याला टाचणीने भोक पाडलं आणि टॉर्च ३ मीटरवर ठेवली. फोन स्टँडवर. पडद्यावर त्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं, म्हणजे फोकस आणि उजळपणा तिथेच कुलूपबंद होतात. हे कुलूप लावलं नाही तर फोन प्रत्येक फोटोला वेगळा उजळपणा निवडतो आणि आधीचा-नंतरचा फोटो ताडून पाहता येत नाही.

पहिल्या फोटोत ठिपक्यातून आडवी रेघ, चित्राच्या साधारण पाव रुंदीची. फोन आडवा केला, रेघ उभी. मग शेजारच्या वाइड लेन्सवर गेलो. ठिपका जवळजवळ स्वच्छ, बारीक वलय तेवढं. दोन्ही लेन्सच्या काचा वेगळ्या, आत्याचा अंगठा एकीवरच फिरतो. "२×" वर मात्र रेघ पुन्हा आली, कारण या फोनला दूरची वेगळी लेन्स नाही, तो मुख्य लेन्सचंच चित्र मधून कापून मोठं करतो. कुठल्या बटणावर दोष दिसतो आणि कुठल्यावर नाही, यावरून कुठली काच पाहायची ते कळतं.

शेवटी काच. समोरून पाहिली तर ती लख्ख दिसत होती, दुकानातही तशीच दिसली असणार. टॉर्च अगदी बाजूने, काचेला जवळजवळ समांतर धरली तेव्हा सगळं दिसलं: उभ्या सरी, आणि कडेला गोल रिंगेलगत एक पिवळट मेणचट पट्टी. काचेवर हलकी फुंकर घातली. स्वच्छ काचेवर वाफेचा थर एकसारखा बसतो आणि क्षणात एकसारखा उडतो. इथे वाफ सरीसरीने बसली, काही जागी जमलीच नाही. तेल लागलेल्या आणि न लागलेल्या काचेवर वाफेचे थेंब वेगवेगळे बसतात. लॉर्ड रॅले यांनी १९११ साली 'नेचर'मध्ये याच वाफेच्या आकृत्यांवर लिहिलं होतं. घरबसल्या करता येणारी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

दोन थर, दोन उपाय

पुसायच्या आधी धूळ. हा क्रम मी कधी मोडत नाही. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण. धुळीसकट फडकं फिरवलं की तेलाचा तात्पुरता दोष जाऊन चऱ्याचा कायमचा दोष येतो. रबरी फुग्याने दोनचार फुंका मारल्या. फुगा नसेल तर मऊ, कोरड्या, न वापरलेल्या ब्रशने हलकेच झटकावं. तोंडाने जोरात फुंकू नये, थुंकी उडते.

मग फुंकरीच्या ओलाव्यावर मायक्रोफायबरचं धुतलेलं फडकं, मधून कडेकडे गोल फिरवत, बोटाचा भार न देता. त्याच फडक्याचा दुसरा कोरडा कोपरा घेऊन पुन्हा एकदा. या कापडाचे तंतू फार बारीक असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत तेल ओढून घेतलं जातं. पदर किंवा रुमालाचे जाड धागे तेल उचलत नाहीत, ते फक्त पसरवतात. अंगठा तर तेल पसरवतो आणि वर आपलं घालतो.

पुन्हा ठिपक्याचा फोटो. रेघ गेली होती. वलय मात्र राहिलं, निम्म्याहून जास्त. बरेच जण इथे थांबतात आणि म्हणतात, पुसूनही काही झालं नाही, आतच बिघाड आहे.

ही दुसरी गोष्ट त्या मेणचट पट्टीची होती. तळण चालू असताना कढईतून तेलाचे अतिसूक्ष्म थेंब उडतात आणि स्वयंपाकघरभर बसतात. टाइल्सवर, पंख्याच्या पात्यांवर, डब्यांच्या झाकणांवर. तेच फोनवर. हे तेल हवेत राहून हळूहळू घट्ट होतं, चिकट राप बनतो. एक्झॉस्ट फॅनचं पातं कोरड्या फडक्याने कधी साफ होतं का? तसंच हे. बोटाचं तेल ताजं असतं, ते कोरड्या फडक्याने निघतं. रापाला विरघळवावं लागतं.

त्याआधी आत्याने घरचा एक उपाय करून पाहिला होता, तो तिने आत्ता सांगितला: सॅनिटायझर. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून विचार चुकीचा नव्हता. पण हाताची कातडी सुकू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातच १.४५ टक्के ग्लिसरीन आहे. जेल असेल तर घट्टपणा आणणारं द्रव्यही असतं. अल्कोहोल उडून जातं आणि हे मागे राहतं. तेल थोडं निघालं आणि त्याच्या जागी ग्लिसरीनचा थर बसला.

मी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, औषधाच्या दुकानात मिळतं. कापडाच्या कोपऱ्यावर दोन थेंब, फोनवर एकही नाही, कारण थेंब काचेच्या कडेने आत शिरू शकतो. फोन बंद. हलका हात, रिंगेलगत लाकडी काडीला तोच कोपरा गुंडाळून एक फेरी, लगेच कोरड्या कोपऱ्याने पुसणं. असं दोनदा. अल्कोहोल नसेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात घालून, कापड त्यात बुडवून घट्ट पिळून, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने आणि शेवटी कोरड्याने. वेळ जास्त लागतो, पण राप निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर, अमोनिया असलेला काचेचा स्प्रे आणि टूथपेस्ट यांना मी लेन्सजवळ येऊ देत नाही. पहिल्या दोघांनी काचेवरचा लेप आणि भोवतालचं प्लास्टिक बिघडू शकतं. टूथपेस्ट तर घासायचीच वस्तू, ती लेप खरवडते. एका मित्राच्या फोनवर चरा घालवायला ती वापरली होती, त्याच्या लेन्सवर आता कायमचं धुकं आहे.

तिसरा फोटो. टाचणीच्या भोकाएवढा ठिपका, भोवती काळोख.

काय उरलं

आत्याने तिथेच ट्यूबलाइट लावून फोटो काढला आणि म्हणाली, "हे हिरवं काय?" ट्यूबच्या उलट बाजूला, चित्राच्या मध्याच्या पलीकडे, एक फिकट हिरवट प्रतिमा दिसत होती. ती काचेच्या मळाने येत नाही. तेजस्वी दिव्याचा प्रकाश आतल्या भिंगांमध्ये परावर्तित होऊन ती बनते आणि अगदी नव्या फोनमध्येही असते. ओळखायची खूण अशी: दिवा चित्रात उजवीकडे सरकवला की ती डावीकडे सरकते. तेलाचं वलय मात्र दिव्याला सोडून कुठे जात नाही. ही हिरवी प्रतिमा पुसून जाणार नाही, दिवा चौकटीबाहेर गेला किंवा फोन थोडा तिरका केला की जाते.

पुसूनही न जाणारे खरे बिघाडही असतात. चरा असेल तर रेघ साफ केल्यावरही त्याच दिशेला राहते. आत ओल शिरली असेल तर धुकं काचेच्या आतल्या बाजूला दिसतं, बाहेरून पुसलं जात नाही आणि फोन गरम-थंड झाला की कमी-जास्त होतं. लेन्सवर वरून चिकटवलेल्या स्वस्त काचेखाली तेल गेलं असेल तर ती काच काढल्याशिवाय काही होत नाही. असं काही निघालं असतं तर मीच आत्याला दुकानात परत पाठवलं असतं.

घाटाचे फोटो वाचवायचा प्रयत्न केला. धुकं कमी करणारी पट्टी सरकवली, काळं आणखी काळं केलं. झाक बरीच उतरली, कारण ती जवळपास सगळीकडे सारखी सांडलेली होती. रेघा उतरल्या नाहीत. आणि ज्योतींच्या अगदी जवळ, जिथे सांडलेल्या प्रकाशाने सेन्सर भरूनच गेला होता, तिथे पणतीची कड नोंदलीच गेली नव्हती. जे नोंदलं नाही ते कुठल्या पट्टीने परत येईल? रांगोळीचा फोटो तेवढा चांगला सुधारला. तो आत्याने छापून घेतला.

पंधरा दिवसांनी

आत्याला मी पुसायचं फडकं दिलं आणि ते कुठे ठेवायचं यावर आमची थोडी वादावादी झाली. तिला ते ओट्याजवळच्या खिळ्याला लावायचं होतं. तसं केलं तर ते स्वतःच तळणाचं तेल पिऊन बसेल आणि लेन्सवर उलट तेल लावेल. शेवटी ते छोट्या स्टीलच्या डबीत गेलं, देवघराच्या कपाटात. आठवड्याला साध्या साबणाने धुवायचं, कपडे मऊ करणारं द्रव्य घालायचं नाही, कारण तेही तंतूंवर थर सोडतं. सावलीत वाळवायचं.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा मी पुन्हा टाचणीच्या ठिपक्याचा फोटो काढला. रेघ नव्हती. बारीक गोल वलय होतं, म्हणजे फराटा नाही, ठसा. पुसायची सवय बदलली होती, धरायची नव्हती. तिला फोन धरायला सांगितलं. तर्जनीचं टोक बरोबर मुख्य लेन्सवर. तिने बोट खाली घेतलं, जरा अवघडल्यासारखं वाटलं, म्हणून फोन डाव्या हातात घेतला. तसा तो सहज बसला आणि बोटं लेन्सपासून चांगली दोन बोटं लांब राहिली.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिने घटाचा फोटो पाठवला. समईच्या पाच वाती, पाची वेगळ्या. मागचं कपाट काळं. खाली लिहिलं होतं, "डाव्या हाताने."